मॉलच्या सरकत्या जिन्यावर अपघात झाला तर: पहिल्या दहा मिनिटांपासून तडजोडीपर्यंत

माझ्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाचा पाय ठाण्यातल्या एका मॉलच्या सरकत्या जिन्यात अडकला. त्याच्या प्रकरणाचे कागद मी सांभाळले. मॉलचं नाव इथे देत नाही. पुढचं सगळं मुख्यतः सरकत्या जिन्याबद्दल आहे, काचेच्या दाराबद्दल शेवटी थोडं आहे. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्राचे आहेत. इतर राज्यांत लिफ्टचे कायदे वेगळे असतात, काही ठिकाणी नसतातच. ग्राहक कायदा आणि फौजदारी कायदा मात्र देशभर एकच.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचा क्रम कळेल. अशा प्रकरणात "चूक कुणाची" हा वाद पहिल्याच दिवशी सुरू होतो. मॉल म्हणतो, देखभालीचं कंत्राट दिलंय, त्यांना विचारा. कंत्राटदार म्हणतो, आम्ही महिन्याची सर्व्हिस केली होती. दोघेही म्हणतात, मुलाच्या पायात रबरी क्लॉग होते. तुम्ही त्या वादात पडू नका. अपघाताच्या क्षणी यंत्राची अवस्था काय होती आणि ती कुणाला आधीपासून माहीत होती, एवढंच तुम्हाला सिद्ध करायचं असतं. आणि ती अवस्था बहुधा त्याच रात्री दुरुस्त होऊन जाते.

1. यंत्र थांबवा, पाय ओढू नका

सरकत्या जिन्याच्या दोन्ही टोकांना, कठड्याच्या खालच्या बाजूला, लाल बटण असतं. ते दाबलं की जिना थांबतो. गर्दीत बटणाजवळ उभा असलेला माणूसच ते दाबू शकतो, म्हणून "लाल बटण दाबा" असं ओरडा. नुसतं "थांबवा, थांबवा" ओरडलं तर लोक बघत राहतात.

मऊ रबराचं पादत्राण पायरीच्या कडेला घासलं की पायरी आणि बाजूच्या उभ्या पत्र्यामधल्या फटीत खेचलं जातं. त्या पत्र्याला तंत्रज्ञ स्कर्ट म्हणतात. शक्य असेल तर पादत्राण कात्रीने कापून पाय मोकळा करा. बोटंच अडकली असतील तर ओढू नका, आणि जिना उलटा फिरवायला कुणालाही देऊ नका. सुरक्षारक्षक किल्ली घेऊन नेमकं तेच करायला येतो. स्कर्टचा पत्रा सैल करणं किंवा जिन्याच्या टोकाचे दातेरी तुकडे काढणं हे मेकॅनिकचं किंवा अग्निशमन दलाचं काम. 112 वर फोन करून "सरकत्या जिन्यात पाय अडकलाय" हे नेमके शब्द सांगा.

2. एक माणूस फोटोंसाठी मागे ठेवा

मुलाबरोबर आई रुग्णालयात गेली आणि माझे मेहुणे तिथेच थांबले. नंतरचं सगळं प्रकरण त्यांनी त्या अर्ध्या तासात काढलेल्या फोटोंवर उभं राहिलं. तुमच्याकडे दुसरं कुणी नसेल तर ओळख नसलेल्या एखाद्या खरेदीदाराला विनंती करा आणि त्याचा नंबर घ्या, तो साक्षीदारही होतो.

फोटो कशाचे काढायचे? आधी संपूर्ण जिन्याचा, कुठून कुठे जातो हे कळेल असा. मग अडकलेल्या पायरीचा जवळून. मग स्कर्टला लावलेल्या ब्रशचा. हा काळ्या केसांचा लांब पट्टा पाय कडेपासून दूर राहावा म्हणून असतो, आणि तो झिजतो, तुटतो, निघून येतो. तो कुठे नाही, हे फोटोत दिसलं पाहिजे. मग टोकाच्या पिवळ्या दातेरी पट्टीचे मोडलेले दात, पायरीच्या कडेच्या पुसट झालेल्या पिवळ्या रेघा, सूचनाफलक (असला तर, आणि नसला तर त्या रिकाम्या जागेचाही), यंत्राची नंबर प्लेट आणि लावलेला परवाना.

फट मोजायला पट्टी लागत नाही. साधं एटीएम कार्ड 0.76 मिलिमीटर जाडीचं असतं. बहुतेक उत्पादक जे युरोपीय मानक पाळतात, त्यात पायरी आणि स्कर्टमधली फट एका बाजूला 4 मिलिमीटरपेक्षा आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजूंची मिळून 7 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे. म्हणजे पाच कार्डांची चवड 3.8 मिलिमीटर होते. सहा कार्डं एकत्र सहज आत गेली तर फट हद्दीबाहेर आहे. जिना पूर्ण बंद असतानाच, कार्डाची कड फक्त टेकवून हे करा आणि त्याचा फोटो घ्या. आमच्याकडे सहा कार्डं गेली. हे अचूक मोजमाप नाही, पण तपासणी करणाऱ्या माणसाला नेमक्या त्या पायरीपर्यंत नेण्याचं काम ते करतं.

इथला सापळा म्हणजे मॉलचा "घटना अहवाल". प्रथमोपचाराच्या खोलीत एक छापील कागद पुढे येतो आणि खाली कुठेतरी "आमची काही तक्रार नाही" किंवा "पालकांच्या दुर्लक्षामुळे" असं लिहिलेलं असतं. सही करायचीच असेल तर ती ओळ खोडून स्वतःच्या हाताने "ब्रश तुटलेला होता, फट मोठी होती" असं लिहा आणि कागदाचा फोटो काढा. भेटकार्डं, मोफत सिनेमा वगैरे काहीही त्या दिवशी घेऊ नका.

3. रुग्णालयात नोंद कशी करून घ्यायची

ही जखम साधी "पडल्यामुळे" म्हणून केसपेपरवर जाऊ देऊ नका. डॉक्टर धावपळीत तसं लिहितात आणि पुढे विमा कंपनीचा वकील तो शब्द पकडतो. "अमुक मॉलच्या सरकत्या जिन्यात पाय अडकून" असं लिहून घ्या आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. तिची माहिती रुग्णालयच पोलिसांना देतं.

हाड मोडलं आहे की नाही, हे एक्स-रेच्या अहवालात स्पष्ट असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार हाड मोडणं किंवा सांधा निखळणं ही "गंभीर दुखापत" ठरते. हाड मोडलेलं नसलं, तरी जखमी माणसाला 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार जमले नाहीत, तरी ती गंभीर धरली जाते. जुन्या दंडसंहितेत ही मुदत 20 दिवस होती, आणि काही जण अजून तीच सांगतात. भाच्याचं एक बोट मोडलं होतं, त्यामुळे हा प्रश्न उरला नाही.

4. पोलीस ठाण्यात काय मागायचं

निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाली तर कलम 125(ब) लागू शकतं. यंत्राबाबत निष्काळजीपणासाठी कलम 289 आहे. मृत्यू झाला तर कलम 106(1). कलमं तुम्ही पाठ करायची नाहीत. तक्रारीत प्रसंग लिहा आणि शेवटी दोन मागण्या वेगळ्या लिहा. पहिली, त्या जिन्यावरच्या सर्व कॅमेऱ्यांचं त्या दिवसाचं संपूर्ण चित्रीकरण ताब्यात घ्यावं. दुसरी, यंत्राचा पंचनामा दुरुस्तीपूर्वी करावा.

चित्रीकरणाची घाई खरी आहे. बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवं चढत जातं आणि काही आठवड्यांत ते पुसलं जातं. म्हणून पोलिसांची वाट न पाहता त्याच दिवशी मॉलच्या व्यवस्थापकाला ईमेल करा: अमुक तारखेचं, अमुक वेळेच्या आधीचं दोन तासांचं आणि नंतरचं दोन तासांचं चित्रीकरण जपून ठेवा. आधीचे दोन तास का, तर त्याच ठिकाणी आधी कुणी अडखळलं होतं का आणि कर्मचाऱ्यांनी ते पाहिलं होतं का, हे त्यात दिसतं. चीनमधल्या जिंगझोऊ शहरात जुलै 2015 मध्ये सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाची झाकणपट्टी खचून एक आई आत पडून मरण पावली. पट्टी सैल असल्याचं तिथल्या कर्मचाऱ्यांना काही मिनिटं आधीच समजलं होतं, तरी जिना चालूच ठेवला होता, हे चित्रीकरणातून उघड झालं.

5. निरीक्षकाला अर्ज: ही पायरी लोक विसरतात

महाराष्ट्रात लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी 2017 चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याआधी 1939 चा मुंबई लिफ्ट कायदा होता. सरकता जिना बसवायला परवानगी, चालवायला परवाना, अधिकृत कंत्राटदाराकडून देखभाल आणि सरकारी निरीक्षकाची तपासणी, अशी साखळी त्यात आहे. अपघातात कुणी जखमी झालं तर मालकाने निरीक्षकाला कळवायचं असतं आणि त्याच्या परवानगीशिवाय यंत्र पुन्हा सुरू करायचं नसतं. हे काम ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे आहे.

तुम्ही जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात एक पानी अर्ज द्या: तारीख, वेळ, मजला, यंत्राचा नंबर, जखम. सोबत फोटो जोडा. पोच शिक्का मारून घ्या. काही दिवसांनी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: परवान्याची आणि शेवटच्या तपासणी अहवालाची प्रत, मालकाने दिलेली अपघाताची सूचना, आणि यंत्र पुन्हा सुरू करायला दिलेली परवानगी. आमच्या प्रकरणात जिना दुसऱ्या दिवशी दुपारी चालू होता (मेहुण्यांनी जाऊन तारखेचा फलक दिसेल असा व्हिडिओ घेतला). माहिती अधिकाराच्या उत्तरात परवानगीचा कागद नव्हता. मॉलच्या वकिलाचा सूर त्या दिवसापासून बदलला.

6. नोटीस: सगळ्यांना, एकाच पत्राने

मॉलचं नाव म्हणजे मॉलचा मालक नव्हे. इमारत एका कंपनीची असते, रोजचं व्यवस्थापन दुसरी संस्था करते, जिन्याची देखभाल तिसरी. पार्किंगच्या पावतीवर, जीएसटी क्रमांकाजवळ, कुणाचं नाव आहे ते बघा. तिथून पहिली कंपनी मिळते. देखभाल कंत्राटदाराचं नाव जिन्याच्या टोकाच्या स्टिकरवर असतं. या सगळ्यांना एकच नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. वेगवेगळी पत्रं लिहिलीत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणारं उत्तर लिहितो आणि ते दुसऱ्याला दिसतही नाही.

नोटिशीत ही कागदपत्रं मागा:

- देखभालीचा वार्षिक करार
- मागच्या 12 महिन्यांचे सर्व्हिस अहवाल, तंत्रज्ञाच्या हस्ताक्षरातले
- जिना चालवणाऱ्या कंट्रोलरमधली बिघाडांची नोंद
- कंत्राटदाराने पाठवलेली दुरुस्तीची कोटेशन आणि त्यांची उत्तरं
- अपघातानंतर बदललेल्या भागांचं बिल
- दायित्व विम्याची, म्हणजे इतरांना झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या विम्याची, पॉलिसी

चौथा कागद सगळ्यात मोलाचा. करार "कॉम्प्रिहेन्सिव्ह" नसेल तर सुटे भाग कराराबाहेर असतात. तंत्रज्ञ दर महिन्याला येतो, तेलपाणी करतो, अहवालात "ब्रश बदलणे आवश्यक" असं लिहितो आणि कार्यालय कोटेशन पाठवतं. पुढे ते मॉलच्या खरेदी विभागात पडून राहतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. मार्चच्या अहवालात उजव्या बाजूचा ब्रश दोन ठिकाणी तुटल्याची आणि स्कर्ट जुळवून घेण्याची नोंद होती. कोटेशन गेलं होतं. मंजुरी आली नाही. अपघात मे महिन्यात झाला.

आता जबाबदारी कुणाची? मॉलची तर सरळच: धोका लेखी कळूनही जिना चालू ठेवला. पण कंत्राटदारही सुटत नाही. पाय अडकण्याइतकी फट दिसत असताना कोटेशन पाठवून गप्प बसायचं, एप्रिलमध्ये पुन्हा येऊन "यंत्र सुरळीत" असा शेरा मारायचा आणि जिना बंद करण्याची लेखी शिफारस एकदाही करायची नाही, याचं उत्तर त्याला द्यावंच लागतं. आमच्या वकीलबाईंनी हे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारला: ब्रश बदलला नाही, मग एप्रिलमध्ये सुरळीत काय झालं?

"कंत्राट दिलं म्हणजे आमची जबाबदारी संपली" हा युक्तिवाद फार टिकत नाही. लोकांना आत बोलावणाऱ्या जागेच्या मालकावर ती जागा सुरक्षित ठेवण्याचं कर्तव्य राहतंच. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली महानगरपालिकेला जबाबदार धरलं आणि आतला दोष दिसत नव्हता हा बचाव मान्य केला नाही. नीट सांभाळलेली वास्तू आपोआप कोसळत नाही, म्हणून काळजी घेतली होती हे मालकानेच दाखवायचं, असा तो विचार आहे. सरकत्या जिन्यालाही वकील तोच लावतात. मॉल आणि कंत्राटदार यांच्या करारात कोण कुणाला भरपाई देणार हे लिहिलेलं असतं, पण तो त्यांचा आपसातला मामला.

क्लॉगचं काय? मऊ क्लॉग फटीत लवकर ओढले जातात हे खरंच आहे. पण म्हणूनच फटीला हद्द आहे आणि ब्रश आहे. इतक्या लहान मुलावर न्यायालयं सहसा दोषाचा वाटा टाकत नाहीत. पालकांवर टाकण्याचा प्रयत्न होतो. मुलाचा हात आईच्या हातात होता, हे चित्रीकरणात दिसल्यामुळे आमच्याकडे तो फसला.

7. दावा कुठे करायचा

बहुतेकांसाठी जिल्हा ग्राहक आयोग सोयीचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कोणता आयोग आणि किती शुल्क, हे तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15 मिळतात.

अडचण एकच: तुम्ही "ग्राहक" असलं पाहिजे, म्हणजे काही पैसे दिलेले असले पाहिजेत. नुसते फिरायला गेला असाल तर मॉल पहिला आक्षेप हाच घेणार. म्हणून पार्किंगची पावती, फूड कोर्टचं बिल, सिनेमाचं तिकीट जपा. पार्किंगची पावती सर्वांत बरी, कारण ती अनेकदा मॉलचीच असते, आतल्या दुकानाची नाही. पैसे आईने दिले आणि जखम मुलाला झाली तरी चालतं, कारण सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकाच्या व्याख्येत येतो. काहीच पावती नसेल तर दिवाणी दावा करा. तिथे मागणीच्या प्रमाणात न्यायशुल्क भरावं लागतं आणि वेळही जास्त जातो.

विम्याबाबत एक गोंधळ नेहमी होतो. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनांसारख्या पदार्थांच्या अपघातांसाठी आहे, सरकत्या जिन्यासाठी नाही. मॉलने घेतलेली दायित्व विम्याची पॉलिसी वेगळी, आणि तुम्हाला तिची प्रत हवी असते.

8. आकडा कसा मांडायचा आणि तडजोड कशी करायची

"मानसिक त्रासाचे 25 लाख" असा एकच गोल आकडा लिहू नका. आम्ही असे भाग पाडले: रुग्णालय आणि औषधं 1,38,000 रुपये, बिलांसह. पुढची एक शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून सर्जनच्या लेखी अंदाजाप्रमाणे 90,000. आईच्या बिनपगारी रजेचे 42,000, कार्यालयाच्या पत्रासह. रिक्षा आणि ड्रेसिंगच्या फेऱ्यांचे 11,000. एकूण 2,81,000. त्यावर वेदना आणि बोटाच्या कायमच्या वाकडेपणासाठी वेगळी रक्कम, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या आधाराने. पहिला भाग कागदावर असल्यामुळे घासाघीस फक्त दुसऱ्या भागावर झाली.

आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो आणि विमा कंपनीचा माणूस बहुधा तिथेच पहिल्यांदा समोर येतो. तडजोडीच्या मसुद्यात दोन ओळी बघा. "यापुढे कोणताही दावा नाही" असं असेल तर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च आधीच रकमेत धरलेला असला पाहिजे, नाहीतर ती शस्त्रक्रिया वगळून सही करा. आणि मुलगा अल्पवयीन असेल तर तडजोड आयोगाच्या आदेशात नोंदवून घ्या. त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावाने 18 वर्षांपर्यंत मुदत ठेवीत ठेवली जाते. खासगी करारपत्रावर पालकांनी केलेली सही पुढे वादाची ठरू शकते.

9. अपघात काचेच्या दाराचा असेल तर

पायऱ्या त्याच, पुरावा वेगळा. दार अंगावर कोसळलं असेल तर दार आपोआप मिटवणाऱ्या जमिनीतल्या फ्लोअर स्प्रिंगचे आणि दार ज्यावर फिरतं त्या वरच्या पिव्होटचे फोटो घ्या. काच दिसलीच नाही म्हणून धडक बसली असेल तर डोळ्यांच्या उंचीवर पट्टी किंवा ठिपके होते का, ते महत्त्वाचं. फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पट्टी चिकटवलेली असते. मग आदल्या दिवशीचा फोटो आणि नव्या पट्टीचा फोटो दोन्ही जोडा.

फुटलेल्या काचेचे तुकडे बघा. टफन केलेली काच फुटते तेव्हा बोथट कडांचे बारीक चौकोनी दाणे होतात. लांब, टोकदार, सुरीसारखे तुकडे असतील तर दाराला साधी काच लावली होती असं समजा, आणि मग देखभालीच्या आधी ती काच निवडणारा मालक आणि बसवणारा कंत्राटदार यांना विचारायचं. टफन काचेच्या कोपऱ्यात सहसा उत्पादकाचा बारीक शिक्का असतो. झाडूवाला येण्याआधी शिक्क्याचा तुकडा आणि दोन-तीन मोठे तुकडे जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून, खोक्यावर तारीख आणि वेळ लिहून, पंचनाम्याच्या वेळी पोलिसांच्या हवाली करा आणि त्याची नोंद पंचनाम्यात झाली का, ते सही करण्याआधी वाचून बघा.